पंपाचा फोटो असा काढा, की काउंटरवरून मॉडेल ओळखता येईल

सांगलीत पंपाच्या स्पेअरच्या दुकानात काउंटर सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांच्या मोबाइलवर सकाळपासून फोटो येत राहतात. पलूस, भिलवडी, तासगाव, कवठेमहांकाळ, कुठून कुठून. फोटोत हिरव्या नाहीतर निळ्या रंगाचा एक गोळा असतो, मागं उसाचा पाला असतो, आणि खाली लिहिलेलं असतं, ‘याचं इंपेलर हाय का?’ इंपेलर म्हणजे पंपाच्या आत फिरून पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, पण याचं म्हणजे नेमकं कशाचं? पाच एचपीचे मोनोब्लॉक बाहेरून एकमेकांसारखेच दिसतात. आमच्याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडीला १९१० पासून कारखाना उभा आहे, त्यामुळं इथल्या विहिरींवर आणि नदीकाठावर वडिलांच्या काळातले पंप अजून चालतात. त्यात कोल्हापूर, राजकोट, कोइमतूरकडचा माल मिसळलेला. नुसत्या अंगावरून मॉडेल सांगणारा भेटला तर तो अंदाज मारतोय, असं समजा.

हा लेख शेतातल्या नव्या पोरांसाठी आणि नुकत्याच कामाला लागलेल्या फिटरसाठी आहे. विषय एकच धरलाय, नदीवर किंवा विहिरीवर बसवलेला जुना मोनोब्लॉक पंप. मोटार आणि पंप एकाच शाफ्टवर असतो तो. पाण्यात सोडलेल्या सबमर्सिबलचं थोडं वेगळं असतं, ते इथं घेत नाही.

आधी वीज, मग मोबाइल

स्टार्टर बंद केला म्हणजे काम झालं, असं धरू नका. आपल्याकडं लाइट रात्री-अपरात्री येते म्हणून बहुतेकांनी ऑटो स्विच बसवलेला असतो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते, आणि तुम्ही तेव्हा पंख्याच्या कव्हरजवळ तोंड नेऊन फोटो काढत असता. मेन स्विच पाडा, किटकॅट फ्यूज काढून खिशात टाका, मगच मोटारीला हात लावा. कनेक्शनची पेटी उघडायची असेल तर ते वायरमनला करू द्या, कारण कपॅसिटरमध्ये वीज गेल्यावरही चार्ज राहू शकतो. पायाखाली चिखल असेल तर फळी टाका.

हे झालं की आणखी एक छोटं काम. मोबाइलची काच शर्टाच्या सुती कापडानं पुसा. शेतातल्या मोबाइलच्या काचेवर बोटाचं तेल आणि धूळ असतेच, आणि उजेडाकडं धरल्यावर त्यामुळं सगळा फोटो पांढुरका येतो. मग माणसाला वाटतं कॅमेराच हलका आहे.

पुसण्याआधी एक फोटो

मोटारीच्या अंगावरची माहितीची पत्र्याची पाटी दिसली की पहिला मोह होतो ती घासून लख्ख करायचा. थांबा. आधी आहे तशी, मातीसकट, एक फोटो काढून ठेवा. पाटीवर दोन प्रकारची अक्षरं असतात. मॉडेल, किलोवॅट, व्होल्ट ही ठरलेली नावं छापलेली असतात किंवा हलकी कोरलेली असतात. त्यांच्यासमोरच्या रिकाम्या चौकटीत कारखान्यात पंचानं ठोकलेले आकडे असतात. ठोकलेले आकडे पत्र्यात खोल जातात, ते पन्नास पावसाळे टिकतात. छापलेली नावं मात्र पॉलिश पेपरच्या चार हातांत उडतात. थिनरनंही उडतात. मग हातात राहतात नुसते आकडे, आणि २७ हा हेड, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवतो ते, आहे की आणखी काही, हे कळायला आधार उरत नाही.

म्हणून पॉलिश पेपर, एक्सा ब्लेडचा तुकडा, तारेचा ब्रश हे लांब ठेवा. ओलं फडकं, थोडा साबण आणि जुना दातांचा ब्रश पुरतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेल्या मोटारींच्या पाटीवर गाळ असा घट्ट बसलाय की आधी ओलं फडकं पाटीवर घालून थोडा वेळ तसंच ठेवावं लागतं. गाळ मऊ झाला की ब्रशनं निघतो. पाटी कोरडी होऊ द्या, मग पुढचं. ओल्या पाटीवर पाण्याचा थर चमकतो आणि आकड्यांच्या खाचा भरलेल्या राहतात.

पाटी रंगवलेली असेल तर? वाइंडिंग करून आणलेल्या मोटारीवर बहुतेक वेळा रंगाचा हात पाटीवरूनही फिरलेला असतो. रंग काढायच्या मागं लगेच लागू नका. रंगाखालचे ठोकलेले आकडे उजेडानं वर काढता येतात, आणि तेच या सगळ्या कामातलं खरं कसब आहे.

उजेड तिरका पाहिजे

फ्लॅश बंद करा. फ्लॅश समोरून पडतो, पत्र्यावर आदळून थेट कॅमेऱ्यात परततो, आणि पाटीच्या मधोमध पांढरा डाग उमटतो. त्या डागाखाली नेमका मॉडेलचा नंबर असतो, हे आमचं नशीब. दुसरं असं, की समोरून उजेड पडला तर ठोकलेल्या आकड्याच्या खाचेत सावली पडत नाही. सावली नाही तर आकडा नाही. खोल गेलेला आकडा आपल्याला रंगानं दिसत नसतो, सावलीनं दिसत असतो.

तेव्हा उजेड पाटीला जवळजवळ चाटून गेला पाहिजे. दुसरा मोबाइल घ्या, नाहीतर बॅटरी, आणि ती पाटीच्या एका कडेला, साधारण फूटभर लांब, पाटीच्या पत्र्याला टेकल्यासारखी खाली धरा. बॅटरी पाटीसमोर उचलू नका. ज्यानं मोबाइल धरलाय त्यानं पाटीच्या बरोबर समोर उभं राहायचं, बॅटरीवाल्यानं बाजूला बसायचं. एकट्यानं हे जमत नाही असं नाही, पण दोघं असले तर हात थरथरत नाही. भर उन्हात बॅटरीचा उजेड हरवतो. म्हणून दुपारी काढायचा असेल तर कुणालातरी पाटीवर छत्री नाहीतर पोत्याची सावली धरायला सांगा. बॅटरीच नसेल तर सकाळचं किंवा संध्याकाळचं कलतं ऊन हेच काम फुकटात करतं, फक्त पाटीचं तोंड त्या उन्हाला आडवं असायला हवं.

आता एक गोष्ट जी बहुतेक कुणी सांगत नाही. एका बाजूनं उजेड टाकून काढलेला एक फोटो पुरत नाही. खाच उजेडाच्या दिशेला आडवी असेल तर तिच्या एका कडेवर सावली पडते आणि ती ठळक दिसते. खाच उजेडाच्या दिशेनंच जात असेल तर उजेड तिच्यातून सरळ निघून जातो आणि ती जवळपास पुसली जाते. डावीकडून उजेड आला तर आकड्यातल्या उभ्या रेघा दिसतात आणि आडव्या गायब होतात. वरून आला तर उलट होतं. इंग्रजी सातचा डोक्यावरचा आडवा दांडा डावीकडच्या उजेडात गेला, की तो एक वाटायला लागतो. इंग्रजी आठच्या डावीकडच्या उभ्या वळणांवर वरच्या उजेडात सावली पडत नाही, आणि तो तीन वाटतो. म्हणून दोन फोटो, एक डावीकडून किंवा उजवीकडून उजेड टाकून, एक वरून किंवा खालून. दोन्हींत कॅमेरा तिथंच राहिला पाहिजे, म्हणजे एकावर एक ठेवून ताडता येतात. तेवढं करायचा कंटाळा असेल तर बॅटरी पाटीभोवती सावकाश अर्धा फेरा फिरवत छोटा व्हिडिओ काढा. सावल्या हलताना एका फोटोत न दिसलेला आकडा कधीकधी पटकन कळतो.

एवढ्यानंही आकडा निघत नसेल तर खडू घ्या. शाळेतला पांढरा खडू पाटीवर आडवा घासायचा, मग कोरडं बोट पाटीच्या पृष्ठभागावरून हलकेच फिरवायचं. वरचा खडू पुसला जातो, खाचेतला राहतो, आणि काळपट पत्र्यावर पांढरे आकडे उठतात. खडू नसेल तर रांगोळी चालते. बीडाच्या अंगावर ओतलेली अक्षरं उठावाची असतात, तिथं उलटं करायचं. खडू वरच्या वर आडवा घासायचा, म्हणजे फक्त उठाव पांढरा होतो. खडू पाण्यानं निघून जातो, मशीनला काही होत नाही.

पाटीचा फोटो किती जवळून

एकदम जवळ नेऊ नका. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा दहा सेंटिमीटरच्या आत आला की फोकस सोडतो, आणि काही फोन गुपचूप दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतात, ज्यात कडा वाकतात. वीतभर लांब रहा आणि दोन पट झूम करा. पाटीवर बोट टेकवा, फोकसची चौकट बसली की थोडं थांबा. पत्रा पांढरा पडत असेल तर त्या चौकटीशेजारी जो सूर्य दिसतो तो बोटानं खाली ओढा, फोटो काळसर झाला तरी चालेल. काळसर फोटोतले आकडे आम्ही उजळून वाचू शकतो. पांढरे पडलेले परत येत नाहीत. पोर्ट्रेट, ब्यूटी, नाइट असले प्रकार बंद ठेवा.

पाटीचे चारही कोपरे आणि रिव्हेट फोटोत आले पाहिजेत, भोवती बोटभर जागा सोडून. नुसता आकडा कापून पाठवू नका. छापील नावं पुसलेली असतील तेव्हा कोणता आकडा कोणत्या चौकटीत आहे यावरूनच तो काय आहे ते ठरतं, आणि चौकट कळायला कोपरे लागतात. त्यानंतर हवे तर मॉडेल आणि सिरियल नंबरचे जवळचे वेगळे फोटो काढा.

पाटीवर आम्ही काय बघतो ते सांगतो, म्हणजे कुठं जास्त लक्ष द्यायचं ते कळेल. मॉडेल किंवा टाइप, हे पहिलं. सिरियल नंबर, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपनी पुढं शाफ्ट किंवा सील बदलते आणि तो बदल कोणत्या नंबरापासून झाला ते सिरियलवरून काढतात. किलोवॅट आणि एचपी, तिथं ३.७ किलोवॅट म्हणजे पाच एचपी. फेरे, २८८० च्या आसपास असतील तर दोन पोलची मोटार, १४४० च्या आसपास असतील तर चार पोलची. सक्शन आणि डिलिव्हरीचं माप मिलिमीटरमध्ये, जसं ६५ × ५०. आणि हेड मीटरमध्ये. हेड लोक सोडून देतात, पण बाहेरून एकच केसिंग असलेल्या दोन पंपांत आत वेगवेगळ्या व्यासाचं इंपेलर असू शकतं, आणि तो फरक पाटीवर हेडमध्येच दिसतो. आयएसआयचा शिक्का असेल तर त्याच्यावरचा आयएस क्रमांकही यायला हवा. शेतीच्या मोनोब्लॉकवर तो ९०७९ असतो, ओपनवेल सबमर्सिबलवर १४२२०, बोअरच्या सबमर्सिबलवर ८०३४. शिक्क्याखाली सीएम/एल नं सुरू होणारा परवाना नंबर असतो. कंपनीचं नाव पुसलेलं असलं तरी तो नंबर बीआयएस केअर या सरकारी अॅपवर टाकला की परवाना कोणाचा ते कळतं. तो बारीक असतो, म्हणून त्याचा एक जवळचा फोटो वेगळा.

फोटो काढला की तिथंच मोठा करून बघा. तुमच्या स्क्रीनवर तुम्हाला वाचता येत नसेल तर आमच्या स्क्रीनवर येणार नाही. आणि जे वाचलं ते कागदावर लिहा, जे कळलं नाही तिथं प्रश्नचिन्ह टाका. मनानं आकडा भरू नका. चुकीचा पण ठाम आकडा हा न दिसणाऱ्या आकड्यापेक्षा जास्त त्रास देतो, कारण तो कुणी पुन्हा तपासत नाही.

अंगाचे फोटो

पाटी मिळाली तरी अंगाचे फोटो लागतात, कारण पाटी खोटं बोलू शकते. जुन्या मोटारींत पंपाची बाजू एका मशीनची आणि मोटार दुसऱ्याची असं सर्रास जोडलेलं असतं. कुणी रिवाइंड करताना पाटी फुटली म्हणून दुसरीचीच ठोकलेली असते.

अंगाचे चार फोटो पुरतात. पहिला सक्शनच्या तोंडासमोर बसून, मोबाइल शाफ्टच्या उंचीला धरून, अगदी सरळ. यात केसिंगचा आकार, बोल्ट किती, डिलिव्हरी मधोमध आहे की बाजूला, हे दिसतं. उभं राहून वरून काढला तर गोल फ्लँज अंड्यासारखा दिसतो आणि बोल्टचं अंतर काही सांगत नाही. दुसरा बाजूनं, पंपापासून मागच्या पंख्याच्या कव्हरपर्यंत अख्खं मशीन. तिसरा वरून, डिलिव्हरीच्या फ्लँजचा. चौथा पायाचा, जिथं फाउंडेशन बोल्ट आहेत तिथला. चौथा लोक विसरतात, कारण तिथं वाकावं लागतं.

या चारही फोटोंसाठी मागं या. दोन-अडीच मीटर लांब उभं राहून दोन पट झूम केलं की मशीन वाकडं दिसत नाही. जवळ जाऊन ०.५ च्या रुंद कॅमेऱ्यानं काढलं तर पुढची बाजू फुगते, मागची बारीक होते, आणि सहा इंची पंप आठ इंची वाटतो. मोटारीच्या खोलीत जागाच नसेल तर दारातून काढा, अर्धं कापलं तरी चालेल, पण रुंद कॅमेरा नको.

बीडावर ओतलेला एखादा नंबर सापडला तर त्याचाही फोटो पाठवा, पण तो मॉडेल नंबर समजू नका. तो त्या ओतकामाच्या साच्याचा असतो. एकच केसिंग चार मॉडेलना लागत असेल तर चारांवर तोच नंबर. त्याचा उपयोग एवढाच, की पाटी आणि अंग एकमेकांना जुळतात की नाही ते कळतं.

एक प्रकरण सुरुवातीपासून

अंकलखोपकडचे एक शेतकरी. नदीवर पाच एचपीचा तीन फेजचा मोनोब्लॉक, वडिलांच्या वेळचा. पाणी कमी पडत होतं, फिटरनं खोललं तर इंपेलर खाल्लेलं. पाटी हिरव्या रंगाखाली. मुलानं पहिला फोटो पाठवला, भर दुपारचा, फ्लॅशसकट. पाटी म्हणजे हिरवा आरसा.

“दादा, आकडा काय दिसंना.”

“छत्री हाय का घरात? पाटीवर सावली धरा, आणि दुसऱ्या मोबाइलची बॅटरी डाव्या बाजूनं लावा. फ्लॅश बंद.”

दुसऱ्या फोटोत रंगाखालून आकडे उठले. माप ६५ × ५०, फेरे २८८०, एचपी पाच. मॉडेलचा शेवटचा आकडा आठ दिसत होता आणि हेडच्या चौकटीत २१. पाच एचपी, ६५ × ५० ला २१ मीटर हेड अशक्य नाही, पण आठवर संपणाऱ्या त्या मॉडेलच्या यादीत तो बसत नव्हता. उजेड डावीकडून होता, म्हणजे आठच्या उभ्या वळणांवर विश्वास ठेवायला हरकत नव्हती, शंका होती ती आडव्या रेघांची. म्हणून आता वरून बॅटरी धरून फोटो मागवला. त्यात मॉडेलचा आकडा तीन दिसायला लागला, पण हेडमधल्या एकाच्या डोक्यावर स्पष्ट दांडा आला. हेड २७. वरच्या उजेडात आठचा तीन होणार हे ठरलेलंच, म्हणून मॉडेलसाठी पहिला फोटो धरला आणि हेडसाठी दुसरा. आठवर संपणारं मॉडेल, हेड २७, हे यादीत बरोबर बसलं. एकच फोटो धरून इंपेलर दिलं असतं तर ते कमी व्यासाचं निघालं असतं. ते बसलं असतं, फिरलं असतं, आणि पाणी वरच्या टाकीपर्यंत पोचलं नसतं. त्या खेपेला मग मोटारीत दोष शोधत बसतात.

पक्कं करायला जुनं इंपेलर फोटोत मागितलं. इथं तीन गोष्टी सांभाळायच्या. इंपेलर सपाट जागेवर ठेवून मोबाइल बरोबर वरून धरायचा, आणि स्टीलची पट्टी त्याच्या वरच्या कडेच्या उंचीला, खाली दोन विटांचे तुकडे ठेवून, आडवी ठेवायची. पट्टी खाली जमिनीवर ठेवली तर ती कॅमेऱ्यापासून लांब जाते, बारीक दिसते, आणि इंपेलर खऱ्यापेक्षा मोठं भरतं. पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं चालतं, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, पण तेही त्याच उंचीला हवं. दुसरं, फोटो दोन्ही तोंडांचे, आणि ज्या तोंडातून पाणी आत येतं त्याचा कोणता ते लिहून. तिसरं, पुढच्या सेल्फी कॅमेऱ्यानं काढू नका. बऱ्याच फोनमध्ये तो आरशासारखं उलटं चित्र साठवतो, मग पात्यांचं वळण उलट्या दिशेचं दिसतं आणि डावीकडं फिरणारं इंपेलर उजवीकडचं म्हणून दिलं जातं.

त्याच खोलण्यात मागचं बेअरिंगही काढलं होतं. फिटरनं त्याचा फोटो आणि निरोप पाठवला, ‘बाहेरून ६२ मिलिमीटर, ६२०६ असंल.’ बेअरिंगचे नंबर रिंगच्या बाजूच्या सपाट कडेवर कोरलेले असतात, पाव मिलिमीटरसुद्धा खोल नाहीत, आणि ग्रीस बसलं की बुजतात. रॉकेलच्या फडक्यानं कड पुसायला सांगितली आणि तोच चाटता उजेड. फोटोत शेवटचा आकडा कळेना, पण दुसरा तीन असावा असं वाटत होतं. मग मापं मागितली. आतलं भोक २५, रुंदी १७. म्हणजे ६३०५. गंमत अशी की ६२०६ आणि ६३०५ या दोन्हींचा बाहेरचा व्यास ६२ मिलिमीटरच असतो. भोक ३० आणि रुंदी १६ असती तर ६२०६. नुसता बाहेरचा व्यास दाखवणारा फोटो इथं कितीही स्वच्छ असला तरी उपयोगाचा नव्हता. बेअरिंगचा फोटो काढताना पट्टी भोकावरूनही जाऊ द्या, आणि एक फोटो कडेनं, रुंदी दिसेल असा. नंबरापुढची शेपटी, झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण, टूआरएस म्हणजे रबराचं, सी३ म्हणजे आत जास्त सैल, हीसुद्धा वाचून लिहा. दोन्ही बाजू बघा, कारण एका बाजूला नंबर घासलेला असला तरी दुसऱ्या बाजूला शिल्लक असतो.

पाठवताना

व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या रीतीनं फोटो टाकला की तो आकसतो आणि बारीक आकडे पुसट होतात. फोटो निवडल्यावर वर एचडीची खूण दिसते ती दाबा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून जोडा, त्यात मूळ फाइल जाते. मूळ फाइलबरोबर फोटो कुठं काढला ती जागाही जाऊ शकते, म्हणून हे ओळखीच्या दुकानाला पाठवा, गावच्या ग्रुपवर नको. सिरियल नंबर दिसणारा फोटोही ग्रुपवर टाकू नये.

फोटोचा स्क्रीनशॉट काढून पुढं ढकलू नका. लाल गोल काढायचा असेल तर वेगळ्या प्रतीवर काढा, तो नेमका आकड्यावरून जातो. क्रम ठेवा: आधी अख्खं मशीन, मग पाटी दोन उजेडांत, मग सुटा भाग. आणि शेवटी एका ओळीत लिहा काय बिघडलंय, काय हवंय, मोटार कधी रिवाइंड झाली आहे का. ‘अर्जंट’ लिहिलं नाही तरी चालतं.

काही गोष्टी फोटोत येतच नाहीत. शाफ्ट बेअरिंगखाली किती झिजलाय, वेअर रिंग किती सैल झालीय, हे डोळ्याला आणि कॅमेऱ्याला दिसत नाही, मायक्रोमीटरलाच दिसतं. मेकॅनिकल सीलही फोटोवरून देणं धोक्याचं, कारण तिचं माप शाफ्टच्या मापाबरोबर जातं, आणि जुना शाफ्ट कुणीतरी लेथवर उतरवून बारीक केलेला असू शकतो. अशा वेळी शाफ्ट गोणपाटात गुंडाळून घेऊनच दुकानात या, जुन्या सीलचे तुकडेही बरोबर आणा, अगदी स्प्रिंग तुटलेली असली तरी.